सागाच्या खुंटावरची वलयं: ४८ की ५२, आणि बहात्तरचं वलय कुठलं?

प्रश्न: आमचं गाव खटाव तालुक्यात, येरळेच्या खोऱ्यात. बांधावरचा जुना साग २०२४ च्या मार्चमध्ये, होळीच्या आधी तोडला. जमिनीपासून फूटभर वर राहिलेल्या खुंटाचे फोटो सोबत जोडले आहेत. मी एका बाजूने वलयं मोजली तर ४८ आली, दुसऱ्या बाजूने ५२. वडील म्हणतात झाड बहात्तरच्या दुष्काळानंतर लावलं, चुलते म्हणतात दुष्काळाच्या आधीच लावलं होतं. खरा आकडा कुठला? १९७२ चं वलय कसं ओळखायचं? आणि ओले-कोरडे साल यातून खरंच वाचता येतात का? २०१३ मध्ये झाडाच्या पूर्वेला आम्ही विहीर खोदली आहे.

उत्तर:

तुमचे दोन्ही आकडे चूक आहेत. माझ्या मोजणीत ५१ वलयं येतात. बहात्तरचं वलय या खुंटावर नाही, पण त्यामुळे चुलते खोटे ठरत नाहीत. ते का, हे शेवटी सांगतो. आधी ५१ कसे आले ते बघा, म्हणजे बांधावरचे बाकीचे साग कधी तोडले तर तुम्हाला स्वतःला मोजता येतील.

तुम्ही पहिल्यांदा पाठवलेल्या अख्ख्या खुंटाच्या फोटोवर मी काहीच सांगू शकलो नसतो. व्हॉट्सॲपवरून आलेला तो फोटो आकसून रुंदीला साधारण १६०० पिक्सेलचा झाला होता. तुमच्या चौकटीत ४८ सेंटिमीटर मावले होते, म्हणजे एका मिलिमीटरला जेमतेम तीन पिक्सेल. तुमच्या झाडाचं सर्वांत बारीक वलय एका मिलिमीटरपेक्षा कमी आहे. तीन पिक्सेलमध्ये वलयाची सुरुवात, मधला भाग आणि शेवट कुठून दिसणार? त्यात वर करवतीच्या साखळीचे ओरखडे. फोटोत ते हुबेहूब वलयांसारखे दिसतात आणि खऱ्या वलयांना छेदून जातात. म्हणून मी पट्ट्या घासून पुन्हा फोटो मागवले. दुसऱ्यांदा तुम्ही दहा-दहा सेंटिमीटरचा भाग एका फोटोत घेतलात आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवलीत, तेव्हा मिलिमीटरला चाळीस पिक्सेल मिळाले. बारीकातलं बारीक वलय तीस-पस्तीस पिक्सेलचं झालं. मोजणीला हे पुरतं.

घासण्याबद्दल एवढंच, की पूर्ण खुंट गुळगुळीत करायची गरज नसते. खोडाच्या मध्यातल्या भेंडापासून सालीपर्यंत चार बोटं रुंदीच्या तीन पट्ट्या पुरतात. आधी रंधा किंवा ग्राइंडर, मग ८०, १२०, २२० आणि शेवटी ४०० नंबरचा पॉलिश पेपर. प्रत्येक वेळी भुसा फुंकून काढायचा, नाहीतर तो छिद्रांत बसतो आणि वलयाची कडच झाकली जाते. घासून झालं की पांढऱ्या खडूची पूड बोटाने चोळा आणि वरची पुसून टाका. मोठ्या छिद्रांत खडू राहतो आणि वलयांच्या सुरुवातीच्या ओळी पांढऱ्या ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. मोबाइल लाकडाला समांतर धरायचा, वाइड लेन्स वापरायची नाही, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना स्टीलची फूटपट्टी फोटोत आली पाहिजे. एकाच टोकाला फूटपट्टी असली तर मोबाइल तिरका धरला गेला होता का, ते नंतर कळत नाही.

आता साग वाचायचा कसा. पानगळीनंतर झाड उन्हाळाभर थांबतं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा वाढू लागतं. त्या सुरुवातीला ते मोठ्या छिद्रांची एक ओळ तयार करतं. ही छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि ती फिकट, मऊसर लाकडाच्या पट्ट्यात बसलेली असतात. पुढे हंगाम सरेल तशी छिद्रं लहान आणि विरळ होत जातात, लाकूड घट्ट होतं. मग वाढ थांबते. पुढच्या वर्षी पुन्हा एकदम मोठी छिद्रं. आतून बाहेर जाताना मोठ्यापासून लहानाकडे हा बदल हळूहळू होतो, पण लहानाकडून मोठ्याकडे उडी असते. ही उडी म्हणजे वर्षाची कड. रंगावर भरवसा ठेवू नका. सागाच्या गाभ्यात काळपट रेघा असतातच आणि त्या वलयांना जुमानत नाहीत. सगळ्या झाडांत ही सोय नसते. बांधावरच्या आंब्याचा खुंट घेऊन बसलात तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही.

मोजणी सालीकडून आत करायची, कारण बाहेरचं वर्ष आपल्याला नक्की माहीत असतं. तुमचा साग मार्चमध्ये तोडला, तेव्हा तो पानगळीत होता आणि २०२४ ची वाढ सुरू झालेली नव्हती. म्हणून सालीलगतचं पूर्ण वलय २०२३ चं. तेच झाड ऑगस्टमध्ये तोडलं असतं, तर सालीखाली २०२४ चं अर्धवट वलय सापडलं असतं. तोडीचा महिना न सांगता लोक खुंटाचा फोटो पाठवतात आणि एका वर्षाचा घोळ तिथेच होतो. तर २०२३ ला क्रमांक १ दिला, की कुठल्याही वलयाचं साल म्हणजे २०२४ वजा त्याचा क्रमांक. विसावं वलय २००४ चं, तिसावं १९९४ चं. दर दहाव्या वलयावर पेन्सिलने एक ठिपका द्यायचा, पन्नासाव्यावर दोन.

तुमची ४८ ची बाजू म्हणजे पट्टी अ, ५२ ची पट्टी ब. तिसरी पट्टी क मी तुम्हाला उत्तरेकडे काढायला लावली होती. आकडे जुळत नसतील तर पुन्हा पुन्हा मोजून उपयोग नसतो. तीच चूक डोळे पुन्हा करतात. त्याऐवजी ठिपक्याचं वलय बोटाने खुंटाभोवती फिरवत एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर न्यायचं. अ वरचं दहावं वलय फिरवत ब वर नेलं, तिथेही ते दहावंच निघालं. विसावंही जुळलं. मग ब वरचं तिसावं वलय उलटं फिरवत अ वर आणलं, तर अ वर ते सत्ताविसावं निघालं. म्हणजे अ वरची तीन वलयं विसाव्या आणि तिसाव्याच्या मध्ये कुठेतरी हरवली होती. शोधायची जागा आता एवढीशीच उरली.

तिथला फोटो मोठा करून बघा. खुंटाच्या दक्षिणेला खोल पन्हळ आहे आणि तुमची पट्टी अ नेमकी त्या पन्हळीतून जाते. सागाच्या बुडाशी अशा पन्हळी असतातच. उंचवट्यावर लाकूड भरपूर बसतं आणि पन्हळीत कमी. ब आणि क वर २००३, २००२ आणि २००१ ही तीन बारीक वलयं स्पष्ट दिसतात. पन्हळीकडे येताना ती निमुळती होत एकमेकांत मिसळतात आणि अ वर २००४ च्या कडेला थेट २००० चिकटलेलं दिसतं. झाडाने त्या तीन वर्षांत त्या जागी जवळजवळ लाकूडच घातलं नाही. म्हणून खुंटाच्या बुडाशी पट्टी काढायची तर उंचवट्यावर काढायची. तुमची जागा वाईट निवडली गेली, पण त्यातून एक गोष्ट कळली. वलय पूर्ण गायब होण्याइतका ताण झाडावर त्या तीन वर्षांत होता.

आता ब चं जास्तीचं वलय. १९९४ च्या आत जाताना ब वरचं एकेचाळिसावं वलय अ वर सदतिसावं निघतं. तीन हरवलेली वजा केली तरी एकाचा फरक उरतो. तो १९८८ च्या रुंद वलयात आहे. त्याच्या मधोमध एक गडद पट्टा आहे आणि तुम्ही त्याला वर्षाची कड धरलंत. पण त्याच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या छिद्रांची ओळ नाही. छिद्रं हळूहळू लहान होतात आणि हळूहळूच पुन्हा थोडी मोठी होतात, उडी कुठेच नाही. शिवाय तो पट्टा फिरवत नेला तर वीतभर जाऊन विरून जातो आणि क वर त्याचा मागमूस नाही. हे खोटं वलय. हंगामाच्या मधेच वाढ अडली आणि पुन्हा सुरू झाली की असं होतं. पावसाने ओढ दिली तरी होतं आणि अळीने पानांची चाळण केली तरी होतं. सागाला दोन किडी नेहमीच्या आहेत, एक कोवळी पानं फस्त करते, दुसरी पानांची जाळी करते. फोटोवरून यातलं कारण कुठलं ते सांगता येत नाही आणि मी सांगणार नाही.

४८ अधिक ३ म्हणजे ५१, आणि ५२ वजा १ म्हणजेही ५१. क वर सरळ मोजून ५१ आली. भेंडालगतचं वलय १९७३ चं. वडिलांचं म्हणणं माझ्यासमोर होतं, म्हणून मी मुद्दाम ते बाजूला ठेवून मोजलं. कुटुंबाने सांगितलेलं साल मनात धरलं की हाताला हवी ती वलयं सापडतात. हा अनुभव मला फार महागात पडलेला आहे. एकदा एका देवळाच्या तुळईचं वय मी लोकांनी सांगितलेल्या सालाशी इतकं छान जुळवलं होतं, की नंतर लाकूड पुन्हा घासल्यावर सात वलयं मी मनानेच घातल्याचं दिसलं.

आता ओले-कोरडे साल. इथे बहुतेकांची चूक एकच होते. बारीक वलय म्हणजे दुष्काळ असं धरून रुंदी तशीच वाचतात. पण लहान झाडाची वलयं मुळातच रुंद असतात. खोड जाड होत जातं तसं तेवढंच लाकूड मोठ्या परिघावर पसरतं आणि वलय बारीक होतं. तुमच्या क पट्टीवर १९८७ चं वलय ३.४ मिलिमीटर आहे आणि २०१० चंही ३.४ च. पण १९८७ च्या आजूबाजूची वलयं सहाच्या घरात आहेत, तर २०१० च्या आजूबाजूची तीनच्या. म्हणजे पहिलं वलय उपाशी वर्षाचं आणि दुसरं बऱ्यापैकी खाऊन-पिऊन असलेल्या वर्षाचं. १९८७ मध्ये देशभरच मान्सून फसला होता, तेव्हा हे जुळतं. म्हणून प्रत्येक वलयाची तुलना त्याच्या शेजाऱ्यांशी करायची. इमेजजे हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. फोटोतल्या फूटपट्टीवर रेघ ओढून `Analyze > Set Scale` मध्ये तिची लांबी भरा, मग प्रत्येक वलयावर आडवी रेघ ओढून `Analyze > Measure`. आकडे एक्सेलमध्ये घ्या आणि प्रत्येक रुंदीला आजूबाजूच्या वर्षांच्या सरासरीने भागा.

किती वर्षांची सरासरी घ्यायची, यावर सगळं अवलंबून आहे. तुमच्या क पट्टीवर १९९६ पासूनची वलयं मिलिमीटरमध्ये अशी आहेत: ३.५, ३.६, ३.८, ३.२, २.४, २.०, १.६, ०.९, २.३, ३.९, ३.७, ३.५, २.९. शेवटचं २००८ चं. पाच वर्षांची सरासरी घेतली, म्हणजे ते वर्ष, आधीची दोन आणि नंतरची दोन, तर २००३ चं गुणोत्तर ०.४२ येतं. चांगलं पकडलं गेलं. पण २००१ चं येतं ०.९९. म्हणजे अगदी नेहमीसारखं वर्ष! तसं ते नव्हतं. दोन्हीकडची वर्षंही कोरडी असल्यामुळे सरासरीच खाली ओढली गेली आणि २००१ त्यात लपलं. अकरा वर्षांची सरासरी घेतली तर २००१ चं गुणोत्तर ०.७१ होतं आणि २००३ चं ०.३३. आपल्याकडचे वाईट दुष्काळ एका वर्षाचे नसतात, लागोपाठचे असतात. त्यामुळे माण-खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यातल्या झाडाला पाच वर्षांची मोजपट्टी लावलीत तर सर्वांत मोठा दुष्काळच पुसला जाईल. उलट फार लांब, तीस-चाळीस वर्षांची सरासरी घेतली तर वयामुळे येणारी उतरण पुन्हा आत शिरते. अकरा ते पंधरा वर्षं या वयाच्या सागाला बरी.

तुमच्या खुंटावर अकरा वर्षांच्या हिशेबात खाली गेलेली वर्षं १९८७, २००१ ते २००३, २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८. चारा छावण्या पाहिलेल्या कुणालाही ही वर्षं तोंडपाठ असतील. वर गेलेली १९९४, २००५ आणि २००६.

आता २०१९ बद्दल. तुम्ही फोटोवर त्या वलयाला प्रश्नचिन्ह केलं आहे, कारण त्या ऑगस्टमध्ये सांगली पाण्याखाली होती आणि वलय मात्र सर्वसाधारण आहे. यात झाडाची चूक नाही. सांगलीचा महापूर हा घाटमाथ्यावरचा पाऊस असतो, कृष्णा, कोयना आणि वारणेतून उतरलेला. महाबळेश्वरला कोसळत असतं तेव्हा खटावचं आभाळ नुसतं झाकोळलेलं असतं. सांगलीत होड्या चालल्या होत्या तेव्हा पूर्वेच्या तालुक्यांत अजून टँकर फिरत होते. पुढे परतीच्या पावसाने हात दिला, आणि तुमच्या २०१९ च्या वलयात तेच दिसतं. सुरुवातीचा भाग बारीक आहे, मागचा घट्ट भाग त्या मानाने रुंद. वलयाची नुसती एकूण रुंदी मोजली असती तर हे हातातून निसटलं असतं. तेव्हा पुराच्या सालाशी वलय जुळवायला जाऊ नका, आपल्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाशी जुळवा. तालुक्याच्या नोंदी तहसील कार्यालयात मागून मिळतात.

विहिरीचं सांगितलंत ते फार बरं केलंत. नाहीतर मी २०१३ ते २०१७ असा पाच वर्षांचा दुष्काळ लिहून मोकळा झालो असतो. पूर्वेकडे, पट्टी ब वर, ही पाचही वलयं बारीक आहेत. पण क वर त्यातली फक्त २०१४ आणि २०१५ बारीक आहेत आणि २०१३, २०१६, २०१७ ठीक आहेत. दुष्काळ झाडाला सगळीकडून आवळतो. एकाच बाजूची वलयं आकसली असतील तर कारण त्या बाजूच्या मुळांत शोधायचं. विहीर खोदताना मुळं तुटली, झाडाला सावरायला पाच वर्षं लागली. नांगराने मुळं छाटली, शेजारचं झाड तोडून उजेड मिळाला, सरपणासाठी एका वर्षी फांद्या उतरवल्या, या सगळ्याच्या खुणा वलयांत राहतात आणि सगळ्या दुष्काळासारख्या किंवा ओल्या सालासारख्या दिसतात. पाटाचं पाणी तर सर्वांत फसवं. बांधाजवळून उपसा योजनेचा पाट गेला की त्यानंतर झाड पावसाचं ऐकायचं सोडून देतं आणि कोरड्या सालीही रुंद वलय घालतं. तुमच्याकडे तसं झालेलं दिसत नाही, २०१८ अजून स्पष्ट आहे.

शेवटच्या, म्हणजे २०२३ च्या वलयावर मी काही बोलत नाही. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता आणि तुमचं वलय बारीकही आहे, पण साल काढताना बाहेरचं पांढरट लाकूड दोन ठिकाणी सोललं गेलेलं फोटोत दिसतं. उरलेलं पूर्ण वलय आहे की त्याचा तुकडा, हे कळायला मार्ग नाही. आणि एक झाड म्हणजे एक साक्षीदार. त्याच बांधावरचे आणखी दोन-तीन साग तोडायची वेळ आली तर २००३ आणि २०१२ त्यांच्यातही बारीक आहेत का, ते आधी बघा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत सागाच्या वलयांवरून जुना मान्सून वाचण्याचं काम अनेक वर्षं झालं आहे, ते कितीतरी झाडं एकमेकांशी ताडून केलेलं आहे, एका खुंटावर नाही.

राहिला वडिलांचा आणि चुलत्यांचा वाद. फूटभर उंचीवर भेंडालगत १९७३ चं वलय आहे, म्हणजे खोड त्या उंचीला १९७३ मध्ये पोचलं. सागाची जडी, म्हणजे रोपाचं छाटलेलं मूळ आणि खोडाचा लहानसा तुकडा, लावली असेल तर ती पहिल्याच पावसाळ्यात फूटभर होऊ शकते, आणि मग वडिलांचं बरोबर. पण कोरड्या मुलखात सागाच्या रोपाला एक सवय असते. उन्हाळ्यात वरचा कोंब वाळतो, मूळ जिवंत राहतं आणि पुढच्या पावसात नवा कोंब फुटतो. असं लागोपाठ दोन-तीन वर्षंही होतं. चुलते म्हणतात तसं रोप १९७१ मध्ये लावलं असेल, बहात्तरात वरून जळालं असेल आणि त्र्याहत्तरच्या पावसात पुन्हा उठलं असेल, तर फूटभर उंचीवर नेमकी हीच ५१ वलयं दिसतील. याचा निकाल खुंटाच्या वरच्या तोंडावर लागणार नाही. खुंट उपटून काढणार असाल तर मातीच्या पातळीला, मूळ आणि खोड मिळतात तिथे, एक आडवी चकती कापा आणि भेंडाशी बघा. वाळलेल्या जुन्या कोंबाचा काळा ठिपका आणि त्याला वळसा घालून गेलेलं नवं लाकूड दिसलं, तर चुलत्यांना कळवा. चकती कापली की ती सावलीत वाळवा. उन्हात ठेवलीत तर भेंडापासूनच तडकेल आणि जी जागा बघायची तीच जाईल.